अडवून ठेवलेल्या चार खोल्या

आमच्या हॉटेलात खोल्या सहा. पूर्णगडच्या खाडीवरच्या उतारावर, सासऱ्यांनी ठेवलेल्या जागेत, चिऱ्याच्या भिंती घालून बांधलेल्या. स्वयंपाकघर नवऱ्याकडे, बाकी सगळं माझ्याकडे. सगळं म्हणजे चादरी, पाण्याचा पंप, पोलिसांना दाखवायचं रजिस्टर आणि कंपनी. कंपनी म्हणजे अॅपवरून गिऱ्हाईक पाठवणारी. नवरा तिचं नाव घेत नाही, मीही घेणार नाही. तिचं भलं होवो.

सुरुवातीला मी त्या कंपनीवर खूश होते. आम्हाला कोण ओळखत होतं? मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात वीस वर्षं काढून आलेला माझा नवरा आणि तालुक्याबाहेर कधी दुकान न मांडलेली मी. अॅपवर फोटो चढले आणि नागपूरची माणसं आमच्या दारात उतरायला लागली. त्याबद्दल खोलीमागे अठरा टक्के आणि त्या अठरा टक्क्यांवर जीएसटी, हे मला तेव्हा फार वाटलं नव्हतं. पुढे कंपनीने सुचवलेली सवलत लावली, मग त्यांच्या ठेवणीतल्या गिऱ्हाइकांसाठीची आणखी एक सवलत, आणि तीन हजारांची खोली माझ्या हातात किती उरते हे मी एका संध्याकाळी मांडून पाहिलं. त्या दिवशी कोळंबीचं कालवण माझ्या हातून खारट झालं.

खरा राग पैशांचा नव्हता. राग याचा होता की तिसऱ्यांदा येणारं कुटुंब, ज्यांच्या मुलीला तिखट चालत नाही हे मला पाठ आहे, तेसुद्धा अॅपवरूनच येत होतं. ओळख आम्ही वाढवायची आणि दर वेळी ओळख करून दिल्याचे पैसे कंपनीने घ्यायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुमचा नंबर कुठे होता आमच्याकडे?

बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मी कामाला लागले. नकाशावर हॉटेल शोधलं की आमचा नंबर दिसेल असं करून घेतलं. निघताना पाहुण्यांना विचारायला लागले की तुम्हाला कधीमधी निरोप पाठवला तर चालेल का. हो म्हणाले तर नंबर वहीत. त्या वहीत नुसते नंबर नव्हते. कोण मासे खातं, कोणाला खालची खोली लागते, कोणाचे गुडघे दुखतात, सगळं होतं. दर मात्र अॅपवर असेल तोच सांगायचा, त्याहून कमी दर जाहीर करायचा नाही असं कंपनीशी कलम होतं. मग सरळ आमच्याकडे येणाऱ्याला मी दर तोच लावून सकाळचा नाश्ता द्यायची आणि खोली लवकर उघडून द्यायची. दोन वर्षांत वहीची पानं भरत आली.

मग मी नवऱ्यापुढे हट्ट मांडला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या वर्षाचा श्वास. त्या आठवड्यात सहापैकी चार खोल्या अॅपवर बंद ठेवायच्या, फक्त आपल्या माणसांसाठी. दोनच खोल्या कंपनीला.

नवऱ्याच्या कपाटात तेव्हा एक करारपत्र पडलेलं होतं. दुसऱ्या एका कंपनीचं. ते सहाही खोल्या घेणार, त्यांचा रंग मारणार, त्यांचा बोर्ड लावणार, दर ते ठरवणार आणि आम्हाला महिन्याला ठरलेली रक्कम देणार. नवऱ्याला त्यात सुख दिसत होतं. मला त्यात माझ्याच घरात नोकरी दिसत होती. भांडण बरेच दिवस चाललं. शेवटी तो म्हणाला की एवढा डिसेंबर तुझा. चार खोल्या तू भरून दाखव, कागद फाडून टाकतो. नाही भरल्या तर वीस तारखेला सही. वीस तारीख का, तर त्या कंपनीचा माणूस एकवीसला येणार होता.

मी हो म्हटलं. माझ्याकडे चारही खोल्यांना गिऱ्हाईक होतं म्हणूनच म्हटलं.

पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांची बायको, मुलं, सुना, जावई मिळून बारा माणसं. दोनदा येऊन गेलेली. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला होता, तो नवऱ्याने उचलला. सत्तावीस ते एकतीस, चार खोल्या पाहिजेत म्हणाले. फोन मोठ्या आवाजावर होता, मी समोर नारळ सोलत होते. आगाऊ किती पाठवू, असं त्यांनी विचारलं. नवरा हसला आणि म्हणाला, राहू द्या हो साहेब, या तुम्ही. ते बरं म्हणाले, आणखी एकदा विचारलं, नवऱ्याने आणखी एकदा नको म्हटलं.

मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे दोनदा जेवून गेलेल्या माणसाकडून आधी पैसे घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. मासळी घेतानाही बंदरावर ओळखीच्या बाईला आम्ही सांगून ठेवतो की उद्या सुरमई ठेव, आणि ती ठेवते. शब्द दिला की झालं. मी त्याच दिवशी अॅपच्या हॉटेलवाल्यांच्या पानावर जाऊन त्या आठवड्यापुरत्या चार खोल्या बंद केल्या आणि वहीत त्या साहेबांच्या नावापुढे मोठी खूण केली. उरलेल्या दोन खोल्या तीन-चार दिवसांतच अॅपवर गेल्या. सत्तावीस ते एकतीस, एकाच नावावर दोन्ही. कोणी तरुण माणूस असावा, नाव ओळखीचं नव्हतं. मी नवऱ्याला ऐकवलं की बघा, सहाही झाल्या. तो काही बोलला नाही. बोलला नाही याचाच मला आनंद झाला.

डिसेंबर लागला तसा कंपनीचा या भागाचा माणूस फोन करायला लागला. तिशीतला, आवाजाने अतिशय गोड. मॅडम, त्या आठवड्याला तुमच्या किनाऱ्यावर फार मागणी आहे, खोल्या उघडा. मॅडम, तुम्ही तिसऱ्या पानावर गेलात. खोल्या बंद ठेवल्या की नाव खाली जातं, आणि नाव खाली गेलं की जानेवारीतही कोणाला दिसणार नाही. तो धमकी देत नव्हता, खरं तेच सांगत होता, आणि म्हणून जास्त टोचत होतं. एकदा त्याने सहज म्हणून सांगितलं की पलीकडच्या एका गावातल्या हॉटेलवाल्याने अॅपवरच्या पाहुण्यांना फोन करून तिकडचं बुकिंग रद्द करायला लावलं आणि स्वस्तात खोल्या दिल्या. पाहुणे राहून गेले आणि त्यांनी अॅपवर जाऊन तारखेसकट कौतुकही लिहिलं. कंपनीने त्या हॉटेलचं नाव काढून टाकलं. मी म्हटलं, आम्ही तसलं काही करत नाही. तो म्हणाला, माहीत आहे मॅडम, म्हणून तर सांगतोय.

दहा तारखेला मी साहेबांना निरोप पाठवला की येताना किती वाजेपर्यंत पोहोचाल, जेवणाचं काय करू. उत्तर नाही. अकराला फोन केला. वाजून बंद. बाराला, तेराला, तसंच. निरोप पोहोचल्याच्या दोन खुणा दिसत होत्या, वाचल्याची नाही. चौदाला त्यांच्या बायकोच्या नंबरवर केला, तिथेही कोणी उचलला नाही.

आता मला सांगायला लाज नाही, मी घाबरले. माणूस चिडतो तेव्हा बहुतेक वेळा घाबरलेला असतो, निदान मी तरी. मी नवऱ्यावर चिडले, पंपावर चिडले, कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिडले. रोज सकाळी माझ्या खोल्या रिकाम्या आहेत का असं विचारणारे फोन यायचे. नकाशावरून नंबर मिळालेली माणसं, म्हणजे ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं धडपडले तीच. आणि मी त्यांना सांगत होते, जागा नाही. जागा होती. चार खोल्या कुलूप लावून धुतलेल्या चादरींसकट पडून होत्या.

पंधरा तारखेला मी नवऱ्याला म्हटलं की साहेबांना सरळ लिहिते, आगाऊ पाठवा, नाहीतर खोल्या सोडते. तो परातीत पीठ मळत होता. हात तसेच ठेवून म्हणाला, "नाय गो. जेवलेत ते आपल्याकडं. त्यांच्याकडं आता पैसं मागायचं म्हंजे त्यांना खोटं म्हटल्यासारखं."

मी म्हटलं की ते आले नाहीत तर?

"नाय आले तर नाय आले. शब्द आपण दिलाव, आपण मोडायचा नाय."

मग सहीही तुम्हीच करा, असं मी म्हटलं आणि बाहेर आले. त्याचं मला पटत होतं, हीच अडचण होती. पटत नसतं तर मी केव्हाच पैसे मागून मोकळी झाले असते.

सतरा तारखेच्या दुपारी मी ऑफिसात बसले. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि एक संगणक. मी ते पान उघडलं. सत्तावीस ते एकतीस, चार खोल्या, बंद. मनाशी म्हटलं, आता तीन दिवसच उरलेत. अॅपवर उघडल्या तर आज संध्याकाळपर्यंत भरतील. कमिशन जाईल, पण खोल्या भरल्या म्हणजे भरल्या, सही टळेल. आणि साहेब आले तर? बारा माणसं गाड्यांतून उतरली आणि त्यांच्या खोल्यांत दुसरं कोणी झोपलेलं असलं तर? अॅपवर एकदा खोली गेली की ती गेली, तिथे आपण हो-नाही म्हणायचं नसतं. मग कोणाला तरी आपल्या खर्चाने दुसरीकडे ठेवायचं, आणि त्या आठवड्यात अख्ख्या किनाऱ्यावर दुसरीकडे असं काही नसतं.

मी चारही उघडल्या. हे मी केलं. शब्द मोडायचा नाही म्हणणारा नवरा वीस पावलांवर होता आणि मी त्याला न विचारता केलं.

उठून चहा टाकायला गेले. साखर सांडली. तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

त्यांचा पहिला शब्द पूर्ण होण्याआधी मी म्हटलं, "एक मिनिट थांबा, ठेवू नका," आणि फोन हातात धरून जिन्याकडे धावले. पान अजून उघडंच होतं. खोल्या चार, उपलब्ध चार. मी एकेक तारीख बंद करत गेले. शेवटची बंद झाल्यावर पान पुन्हा नव्याने उघडून पाहिलं. कोणी घेतली नव्हती. मी खुर्चीत बसले आणि मला रडू येईल असं वाटलं, पण फोनवर माणूस होता.

त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी काही दिवस फोन बघू नका सांगितलेलं, आणि त्यांनी ते अक्षरशः पाळलं. बायको त्यांच्याच पाठीमागे होती. एवढं सांगून ते जरा चाचरत म्हणाले की ताई, तुमच्याकडे त्या दिवसांत अजून काही जागा निघते का. दोन खोल्या तुमच्याकडेच आम्ही अॅपवर धरल्या आहेत, जावयाच्या नावाने. दोन पलीकडच्या किनाऱ्यावर घेतल्यात. घर दोन ठिकाणी विभागलंय, बायकोला ते आवडलेलं नाही.

मला आधी कळेचना. मग कळलं. त्या दोन खोल्या, अनोळखी नाव, मी नवऱ्याला ऐकवलेलं कौतुक. माझी माणसं मला अॅपवरून विकली गेली होती, आणि त्यांच्यासाठी चार खोल्या मी वेगळ्या अडवून बसले होते.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या चार खोल्या दिवाळीपासून बंद करून ठेवल्यात मी. एकालाही दिल्या नाहीत."



"पण तुम्ही आगाऊ घेतलं नाहीत, ताई," ते म्हणाले. "मी दोनदा विचारलं. पैसे नको म्हणाले तेव्हा आम्हाला वाटलं, नाही म्हणताय. तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून गोड बोलताय. बँकेत आयुष्य गेलं माझं. पैसे घेतले नाहीत म्हणजे व्यवहार झाला नाही, एवढंच मला समजतं."

नवरा दारात येऊन उभा होता. फोन मोठ्या आवाजावर नव्हता, पण त्या माणसाचा आवाज मोठा होता. नवऱ्याने सगळं ऐकलं.

साहेब स्वतःच म्हणाले की अॅपवरच्या दोन खोल्या आत्ता रद्द करतो, वीस तारखेपर्यंत पैसे परत मिळतात, आणि चारही तुमच्याकडून सरळ घेतो. मला मोह झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. माझीच माणसं, माझ्याकडेच आधी आलेली, त्यांच्यावर कंपनीला कमिशन का द्यायचं? पण कंपनीच्या पानावर दिसणार काय? बुकिंग रद्द, आणि तीच माणसं त्याच तारखांना इथेच राहिलेली. त्या गोड आवाजाच्या माणसाला मी म्हटलं होतं की आम्ही तसलं करत नाही. मी साहेबांना सांगितलं की अॅपवरच्या दोन तशाच राहू द्या. दुसऱ्या किनाऱ्याच्या दोन सोडा आणि इथल्या दोन माझ्याकडून घ्या. आणि यांचं आगाऊ पाठवा. अर्धं. आठवडाभर आधीपर्यंत रद्द केलंत तर सगळं परत देईन, त्यानंतर नाही.

हे बोलताना माझे कान तापले. मी कधी कोणाकडे असे पैसे मागितले नव्हते. साहेब म्हणाले, "आता कसं बरं वाटलं." मी पाठवलेल्या क्यूआर कोडवर चहा उकळायच्या आत पैसे आले.

उरलेल्या दोन खोल्या मी अॅपवर टाकल्या नाहीत. सकाळी ज्यांना जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, त्या नंबरांवर उलट फोन केले. चौथ्या फोनला एक गेली, सातव्या फोनला दुसरी. दोघांकडून अर्धे पैसे आगाऊ घेतले. जावयाच्या दोन खोल्यांचं कमिशन मी दात-ओठ खात भरलं.

वीस तारखेला नवऱ्याने करारपत्र फाडलं नाही. चुलीजवळ ठेवलं आणि म्हणाला की जाळायला उपयोगी पडेल. तो एवढंच म्हणाला. त्यानंतर तो शांतच होता, आणि त्याचं शांत होणं मला त्याच्या भांडणापेक्षा जड जात होतं.

जानेवारीत गर्दी ओसरल्यावर मी वही काढली. शब्दावर ठेवलेल्या पण न आलेल्या माणसांची पानं त्यात होती. दरवर्षी दोन-चार असायची. आम्ही त्यांच्यासाठी खोल्या अडवायचो, ती यायची नाहीत, आणि नवरा म्हणायचा की माणसं आता तशी राहिली नाहीत. मी त्यांना एकेक फोन करायला बसले. पहिला म्हणाला, तुम्ही पक्कं केलं नव्हतं ना, म्हणून दुसरीकडे गेलो. दुसऱ्याने तेच सांगितलं. नवरा समोर लसूण सोलत बसला होता. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्याने ऐकावं म्हणूनच.

तिसरा नंबर कोल्हापूरच्या एका बाईंचा होता. शाळेत शिकवायच्या. पाच-सहा वर्षं त्यांच्या यजमानांबरोबर यायच्या, कोपऱ्यातली खोली मागायच्या. यजमान वारल्यावर पुढच्या हिवाळ्यात त्यांनी फोन केला होता की मी एकटी येते, तीन दिवस. आम्ही खोली ठेवली. त्या आल्या नाहीत. आम्ही मनाला लावून घेतलं होतं. वहीत त्यांच्या नावावर नवऱ्याने स्वतःच्या हाताने रेघ मारलेली.

मी विचारलं की तुम्ही आला नाहीत, बरं होतं ना सगळं?

"बरं होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं पैसे पाठवू का. तुमचे यजमान नको म्हणाले. एकट्या बाईला खोली द्यायची नसते पुष्कळ ठिकाणी. दोन ठिकाणी तोंडावर सांगितलं मला. मला वाटलं, तुम्ही ओळखीची माणसं, तुम्हाला तोंडावर सांगता आलं नसेल. म्हणून मग कुठेच गेले नाही त्या वर्षी."

नवऱ्याने लसणाची ताटली खाली ठेवली, हात लुंगीला पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"वैनी," तो म्हणाला, "खोली ठेवलीवती. तीन दिवस कोणाला दिली नाय. आता पैसं पाठवा. पाचशे पाठवा, पण आताच्या आता पाठवा."

त्या बाई काही तरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं की कोपऱ्यातली खोली कधी रिकामी आहे, आणि मी सांगितलेली तारीख त्याने त्यांना दोनदा सांगितली. पैसे आले तेव्हा त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन आकडा नीट वाचला, वही ओढून घेतली आणि स्वतःच मारलेल्या रेघेखाली त्यांचं नाव पुन्हा लिहिलं.